गोळी एकदा, चढ दोनदा

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या बहुतेकांना मायकोफिनोलेटची गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागते. शरीराने परक्या अवयवावर हल्ला करू नये म्हणून. गोळीनंतर ठरावीक अंतराने रक्त तपासले, तर साधारण तासाभरात औषधाचे प्रमाण सर्वाधिक होते आणि मग उतरते. पण सहा ते बारा तासांच्या दरम्यान, दुसरी गोळी पोटात जाण्याआधीच, ते पुन्हा चढते. हे औषध यकृताकडून आलेले असते. यकृत औषधाला ग्लुकुरॉनिक आम्लाचा रेणू जोडून ते निष्प्रभ करते. त्यातले बरेचसे लघवीवाटे जाते, काही पित्तात उतरते आणि जेवणानंतर पित्ताशय आवळले की आतड्यात येते. जोडलेल्या रूपात ते फारसे शोषले जात नाही. मात्र आतड्यातले जिवाणू आपल्या विकराने ती जोड तोडतात, मूळ औषध मोकळे होते आणि पुन्हा रक्तात शिरते. आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवणारे कोलेस्टिरामिन दिले की रक्ताला मिळणारे एकूण औषध सुमारे 40 टक्क्यांनी घटते. परतीच्या वाटेने किती औषध येते, याचा अंदाज त्यावरून येतो.

म्हणजे या औषधाची मात्रा काही अंशी जिवाणूंच्या हाती आहे, आणि प्रतिजैविक घाव घालते ते नेमके त्यांच्यावर. पावसाळ्यात जुलाब लागले की घाटकोपर काय, बोरिवली काय, नाक्यावरच्या केमिस्टकडून नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडॅझोलची पट्टी चिठ्ठीशिवाय आणणारे कमी नाहीत. अशा वेळी मायकोफिनोलेट घटले तर ते जुलाबांमुळे, असे कोणी म्हणेल. पण निरोगी स्वयंसेवकांना नॉरफ्लॉक्सॅसिन आणि टिनिडॅझोलच्याच कुळातले मेट्रोनिडॅझोल एकत्र दिले, तेव्हाही मायकोफिनोलेट सुमारे 30 टक्क्यांनी घटले. दोन्ही वेगवेगळी दिली तेव्हा लक्षणीय फरक पडला नाही. एकाच्या तावडीतून सुटलेले जिवाणू दुसऱ्याला सापडतात, हेच याचे सयुक्तिक स्पष्टीकरण. शिवाय जुलाब हा मायकोफिनोलेटचाच नेहमीचा दुष्परिणाम आहे; तो जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविक घेतले तर इलाज नेमका उलटा होतो.

मग मायकोफिनोलेटची मात्रा वाढवावी का? सहसा नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत, पुढच्या गोळीआधी मोजलेली पातळी निम्म्यावर येऊ शकते. पण ही पातळी परतीच्या चढाच्या शेवटाला मोजली जाते, म्हणून एकूण औषधात तेवढीच घट झाली असे ठरत नाही. प्रतिजैविक चालू असतानाही परिणाम ओसरू लागतो आणि ते थांबवल्यावर काही दिवसांत संपतो. प्रतिजैविकाने औषध घटते, हा नियम सरसकट लावणेही चूक. गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेनही असेच फिरते, तरी नेहमीच्या प्रतिजैविकांनी तिचा परिणाम जातो याला पुरावा मिळाला नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन अपवाद आहे, पण ते यकृतातली विकरे वाढवून ही गोळी निकामी करते. म्हणून प्रत्यारोपण झालेल्याने प्रतिजैविक घेण्याआधी आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारावे, आणि ते चालू असताना क्रिएटिनिनवर नजर ठेवावी. मात्रा बदलायची की नाही, हे एकट्या औषध-पातळीवरून ठरत नाही. त्यासाठी मूत्रपिंड कसे चालले आहे, ते पाहावे लागते.