आता अजून किती पडणार?

शेअर बाजार गडगडला की एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘आता अजून किती पडणार?’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं, धीर हवा असतो. २३ मार्च २०२० च्या सोमवारी सेन्सेक्स पहिल्या तासातच दहा टक्के घसरला आणि नियमाप्रमाणे व्यवहार पंचेचाळीस मिनिटं थांबवले गेले. त्या पाऊण तासात कित्येकांनी स्वतःची हीच समजूत घातली असणार, की एवढं पडलंय, आता उरलंय ते थोडंच. दिवस संपला तेव्हा सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३.१५ टक्क्यांनी खाली होता.

‘उरलंय ते थोडंच’ या समजुतीमागे नकळत एक गणित असतं, ते म्हणजे घंटेच्या आकाराचा नॉर्मल वक्र. या वक्रात तुम्ही मध्यापासून जितके लांब जाल, तितकी पुढची सरासरी घसरण लहान होत जाते. अडचण अशी, की हा वक्र बसवला जातो तो सगळ्या दिवसांच्या आकड्यांवर. बाजाराचे बहुतेक दिवस पाव-अर्धा टक्का वर, पाव-अर्धा टक्का खाली, असे कंटाळवाणे असतात आणि वक्राचा आकार तेच ठरवतात. कोसळण्याचे दिवस मोजके, त्यांचं मत गर्दीत बुडून जातं. मुंबईच्या वर्षभराच्या रिमझिमीची सरासरी काढून २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाचा अंदाज बांधण्यासारखंच हे.

पावसाचं उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. पूर मोजणाऱ्या अभियंत्यांनीच आधी हा मार्ग धरला होता. नदीची रोजची पातळी विसरा, एक उंबरठा ठरवा आणि पाणी त्याच्यावर चढलं तर किती चढलं एवढंच नोंदवा. गणितातला आधार १९७४-७५ मध्ये मिळाला. बाल्केमा आणि द हान या जोडीने आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे पिकंड्स यांनी दाखवून दिलं, की मूळ आकडे जवळपास कोणत्याही वक्राचे असोत, उंबरठा पुरेसा उंच घेतला तर त्यावरचा जादा भाग एकाच घराण्यातल्या वक्राकडे झुकतो. त्याचं नाव जनरलाइज्ड पॅरेटो. या वक्राला दोनच आकडे लागतात. एक पसारा सांगतो, दुसरा शेपटीची जात. जातीचा आकडा शून्य असेल, तर कितीही पडलं तरी पुढची सरासरी घसरण तेवढीच राहते. ऋण असेल तर ती घटत जाते आणि घसरणीला कुठेतरी तळ असतो. धन असेल तर पडावं तितकं पुढचं पडणं वाढतं.

आता एक खरं उदाहरण बघू. मॅकनील, फ्राय आणि एम्ब्रेख्ट्स यांच्या ‘क्वांटिटेटिव्ह रिस्क मॅनेजमेंट’ या पाठ्यपुस्तकात अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या शेअरचे १९९१ ते २००० या काळातले ५२१ आठवडे घेतले आहेत. उंबरठा ठेवला आहे आठवड्याला २.७५ टक्के तोट्याचा. त्याच्यापुढे गेलेले आठवडे १०२. बाकीचे चारशेएकोणीस शेपटीचा आकार ठरवताना बाजूला. या १०२ जादा तोट्यांवर वक्र बसवला, की जातीचा आकडा येतो ०.२२ आणि पसाऱ्याचा २.१.

एवढ्या दोन आकड्यांत आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. २.१ ला (१ वजा ०.२२) म्हणजे ०.७८ ने भागलं की येतात २.७. उंबरठा ओलांडलेल्या आठवड्यात त्याच्याही खाली सरासरी आणखी २.७ टक्के घसरण होते. उंबरठ्याच्या खाली प्रत्येक एक टक्का गेल्यावर या पुढच्या सरासरीत ०.२२ भागिले ०.७८, म्हणजे सुमारे ०.२८ टक्क्यांची भर पडते. याच हिशेबाने शंभरात एखाद्या आठवड्यात तोटा ११.७ टक्क्यांच्या पलीकडे जातो. आणि तो पलीकडे गेलाच, तर तिथून खाली सरासरी आणखी सव्वापाच टक्के, म्हणजे एकूण सुमारे १७. उंबरठ्याशी २.७ असलेला आकडा एव्हाना जवळजवळ दुप्पट झालेला असतो. ‘एवढं पडलंय, आता थोडंच उरलंय’ या समजुतीच्या हे बरोब्बर उलट आहे.

उंबरठा २.७५ च का? इथे थोडी कारागिरी आहे. वेगवेगळे उंबरठे घेऊन प्रत्येकावरच्या जादा तोट्याची सरासरी आलेखावर मांडतात. ठिपके जिथून साधारण सरळ रेषेत चढू लागतात, तिथे उंबरठा घ्यायचा. फार खाली घेतला तर रोजची रिमझिम पुन्हा आत शिरते, फार वर नेला तर हाती दहा-पंधरा आकडे उरतात आणि त्यातला एक काढला तरी निकाल हलतो. उंबरठा थोडा सरकवूनही जातीचा आकडा तिथल्या तिथे राहिला तर भरवसा ठेवावा, उड्या मारू लागला तर ठेवू नये.

उड्या मारला नाही, तरी तो पक्का नसतोच. या उदाहरणात ०.२२ च्या दोन्ही बाजूंना ०.१३ ची प्रमाण त्रुटी आहे. पसारा तोच ठेवून मी ०.०९ आणि ०.३५ घालून पाहिलं. शंभरातल्या एका आठवड्याचा तोटा १० ते १४ टक्क्यांच्या दरम्यान येतो, ते चालण्यासारखं आहे. पण हजारात एक, म्हणजे एकोणीस वर्षांतून एखाद्या आठवड्याचा तोटा विचारला, तर उत्तर १७ पासून ३५ टक्क्यांपर्यंत कुठेही येतं. अशा ठिकाणी कुणी ‘२३.७ टक्के’ असा दशांशासकट आकडा सांगितला, तर माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

‘एकोणीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थही जपून घ्यावा लागतो. या गणिताच्या साध्या रूपात प्रत्येक घसरण स्वतंत्र मानलेली असते, पण बाजारात संकटं घोळक्याने येतात. १२ मार्च २०२० ला सेन्सेक्स ८.१८ टक्के पडला आणि अकरा दिवसांनी १३.१५ टक्के. मॅकनील आणि फ्राय यांनी २००० साली यावर तोड सुचवली. आधी बाजाराची चालू अस्वस्थता मोजायची, प्रत्येक घसरण तिच्या कितीपट आहे ते काढायचं आणि मग या पटींवर उंबरठा लावायचा. शांत काळातली तीन टक्के घसरण आणि खवळलेल्या बाजारातली तीन टक्के घसरण मग एकाच मापात मोजली जात नाही.

आपल्याकडच्या लहान शेअरांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. त्यांना दिवसाला ५, १० किंवा २० टक्क्यांचं सर्किट असतं. वाईट बातमी आली की शेअर लोअर सर्किटला अडकतो, खरेदीदार मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोजच्या आकड्यांत मात्र तोटा बरोब्बर पाच टक्क्यांवर थांबलेला दिसतो. त्यावर वक्र बसवला तर जातीचा आकडा ऋण येऊ शकतो, म्हणजे या शेअरला तळ आहे असं गणित सांगू लागतं. तो तळ एक्स्चेंजच्या नियमाचा असतो, शेअरचा नव्हे. सर्वांत मोठे तोटे एकाच आकड्यावर रांगेने उभे दिसले, की हा घोटाळा ओळखावा. तेव्हा अशा शेअरचा हिशेब करायचा असेल तर रोजचे आकडे घेऊ नका, आठवड्याचे किंवा पंधरवड्याचे घ्या.