रजेवर असताना ऑफिसचा फोन आला तर

गणपतीची रजा महिनाभर आधी मंजूर झालेली असते, तरी कोकणातल्या घरी आरती चालू असताना पुण्याच्या ऑफिसमधून फोन येतोच. फोन करणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. फाइल सापडत नसते, किंवा बँकेचा ओटीपी रजेवर गेलेल्या माणसाच्याच मोबाइलवर येत असतो. म्हणून फोन नाकारण्याची तयारी रजेच्या आधी, ऑफिसातच करावी लागते.

अकाउंट्समधल्या एखादीचं उदाहरण घेऊ. तिची रजा १३ ते १८ तारखेपर्यंत आहे आणि जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेला भरायचं आहे. आकडे जुळवून एक्सेल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवणं हे दोन दिवसांचं काम. पण बँकेत पेमेंट मंजूर करणारा दुसरा माणूस नोंदवायचा, तर कागदपत्रांत वेळ जातो. ते दोन-तीन आठवडे आधीच सुरू करायला हवं. नाहीतर ओटीपीसाठी फोन येणारच, आणि तो नाकारणं अवघड जाईल.

निघण्याच्या आदल्या दिवशी साहेबांना आणि सहकाऱ्यांना एकच मेल जावा: रजा कधीपासून कधीपर्यंत, कोणतं काम कोणाकडे, आणि अगदी अडलं तर काय करायचं. ‘अर्जंट असेल तर फोन करा’ एवढंच लिहिलं, तर प्रत्येकाला आपलं काम अर्जंटच वाटतं. त्याऐवजी स्पष्ट लिहावं: ‘बँकेचं पेमेंट अडलं किंवा खात्याची नोटीस आली तरच मेसेज करा. मी रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा मेसेज बघेन.’ ही वेळ देणं सक्तीचं नाही; देणार नसाल तर तसंही लिहा.

तरी फोन आलाच, तर तो कट करून लगेच मेसेज पाठवावा: ‘सर, मी १८ पर्यंत रजेवर आहे, आत्ता बोलता येणार नाही. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, बाकी माहिती जाधवांकडे आहे. १९ ला सकाळी मी स्वतः फोन करते.’ घरी पाहुणे आलेत, रेंज नाही, अशी कारणं देऊ नयेत. पाहुणे गेले, रेंज आली की पुन्हा फोन येतो. पहिल्या दिवशी ‘दोनच मिनिटं’ म्हणून फोन घेतला, तर पुढच्या दिवसांत मेलमधली वेळ कोणी मानत नाही. सगळे थेट फोनच करू लागले, की हे झालंय असं समजावं.

रुग्णालय, वीजपुरवठा अशा ठिकाणी नियम वेगळे असू शकतात, ते आधी विचारून घ्यावेत. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काचा कायदा २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. म्हणून रजेत खरोखर अर्धा दिवस बसून काम करावंच लागलं, तर तो अर्धा दिवस रजेतून वजा होऊ नये, हे साहेबांकडून त्याच दिवशी मेलवर लिहून घ्या.