झोल आणि झाड: १९९६ ते २००३

२ जुलै १९९६ रोजी अमेरिकेच्या आयडाहो भागात जिम ब्रिजर–किनपोर्ट ही ३४५ केव्हीची लाईन एका झाडाजवळ इतकी खाली आली की ठिणगी पडून ती ट्रिप झाली. पाठोपाठ पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत अंधार झाला. दुसऱ्या दिवशी तीच लाईन पुन्हा ट्रिप झाली, आणि तीही त्याच झाडावर. पारेषणातल्या माणसाला यातली दुसरी घटना जास्त खुपते. पहिल्या ट्रिपिंगनंतर लाईनवर गस्त घालून ते झाड शोधायचं आणि तोडायचं, एवढंच काम होतं. ते होण्याआधीच लाईन पुन्हा भाराखाली आली होती.

तिथून सप्टेंबर २००३ पर्यंतची सात वर्षं माझ्या दृष्टीने झोलाची वर्षं आहेत. या काळातल्या मोठ्या अंधारांची कारणं लिहिताना अहवालांनी रिले, संगणक, नियंत्रण कक्ष, व्होल्टेज अशा बऱ्याच गोष्टींवर बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. पण सुरुवात पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी झालेली दिसते: दोन टॉवरच्या मधोमध, जिथे तार सर्वांत खाली असते.

तार किती खाली येते याचा हिशेब एकदा आकड्यांत पाहायला हवा. आपल्याकडे २२० केव्हीला सर्रास वापरली जाणारी ‘झेब्रा’ तार घेऊ. ही ॲल्युमिनियमची, पोटात पोलादी गाभा असलेली, पावणेतीन सेंटिमीटरहून थोडी जाड तार आहे आणि तिचं वजन मीटरला १.६२ किलो. स्पॅन ३५० मीटरचा धरू, आणि ३२ अंशांना ताण २,९२४ किलो, म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या २२ टक्के. वजनाला स्पॅनच्या वर्गाने गुणून ताणाच्या आठपटीने भागलं की झोल निघतो: ८.४९ मीटर. आता ही तार ७५ अंशांपर्यंत तापली. नुसत्या उष्णतेने साडेतीनशे मीटरमागे तिची लांबी २९ सेंटिमीटर वाढायला हवी. पण झोल वाढला की ताण उतरतो, आणि ताण उतरला की तार थोडी आखडते. त्यात ५ सेंटिमीटर परत जातात. ताण २,४३८ किलोवर येऊन थांबतो. म्हणजे लांबीत निव्वळ भर २४ सेंटिमीटरची, आणि झोल मात्र १०.१८ मीटर. लांबीत वीतभर वाढ झाली की तार जमिनीकडे पावणेदोन मीटर सरकते, आणि हे नवख्या इंजिनिअरला पहिल्यांदा पटत नाही.

त्याला पटवायची एक जुनी रीत आहे. तार ओढताना, लाईन मेलेली आणि दोन्हीकडे अर्थ केलेली असताना, टॉवरजवळ तारेवर दोर टाकून एक झटका द्यायचा. लहर पलीकडच्या टॉवरपर्यंत जाते, आपटून परत येते, आणि दोर धरलेल्या हाताला तिचा धक्का कळतो. तिसरा धक्का येईपर्यंत स्टॉपवॉच धरायचं, तीनाने भागायचं, आलेल्या सेकंदांचा वर्ग करून ०.३०७ ने गुणायचं. उत्तर येतं मीटरमधला झोल. यात तारेचं वजन लागत नाही, ताण लागत नाही आणि स्पॅनही लागत नाही. वरची तार ३२ अंशांना तीन फेऱ्यांसाठी १५.८ सेकंद घेईल, ७५ अंशांना १७.३. दीड सेकंदाचा फरक म्हणजे जमिनीवरचे पावणेदोन मीटर. म्हणून तिथे घड्याळ धरणारा माणूस पक्का लागतो, आणि तारेचं तापमान हवेच्या नाही तर तारेच्या तुकड्यात खुपसलेल्या थर्मामीटरने घ्यावं लागतं.

पण लाईन चार्ज झाली की हा दोर टाकता येत नाही. तार किती तापली आहे हे मग कोणी मोजत नाही, ते गृहीत धरलं जातं. विजेचा प्रवाह आणि ऊन तिला तापवतात. वारा आणि तिचं स्वतःचं प्रारण तिला थंड करतं. यात वारा सर्वांत मोठा आणि सर्वांत बेभरवशाचा. लाईनचं रेटिंग काढताना साधारण सेकंदाला ०.६ मीटर एवढा हलका वारा धरतात. दरीत किंवा झाडीत आडोशाला असलेल्या एखाद्या स्पॅनवर तेवढाही नसेल, तर रेटिंगच्या आतला प्रवाहही तारेला ठरल्यापेक्षा जास्त तापवतो.

१० ऑगस्ट १९९६, शनिवार. ऑरेगॉनमध्ये कडक ऊन होतं आणि उत्तरेकडची जलविद्युत कॅलिफोर्नियाकडे भरभरून चालली होती. दुपारी बिग एडी–ऑस्ट्रँडर आणि जॉन डे–मॅरियन या ५०० केव्हीच्या लाईन झाडांमुळे गेल्या. त्यांचा भार उरलेल्यांवर पडला. पावणेचारच्या सुमारास पोर्टलंडजवळची कीलर–ऑल्स्टन लाईन झोलून झाडाजवळ आली आणि तीही गेली. त्यानंतर पश्चिमेची ग्रिड तुकड्यांत फुटली आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. या साखळीचं गणित साधं आहे: एक लाईन गेली की शेजारचीचा प्रवाह वाढतो, आणि प्रवाहाने होणारी उष्णता त्याच्या वर्गाने वाढते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट.

झोल मात्र फक्त उष्णतेने वाढत नाही. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेकवर बरेच दिवस गोठणारा पाऊस पडला आणि तारांवर बर्फाचा थर चढत गेला. आपल्या झेब्रा तारेभोवती शून्य अंशाला २५ मिलिमीटरचा थर कल्पून पाहा. मीटरला १.६२ किलोची तार ५.४ किलोची होते. ताण ३,४७३ वरून ७,८८० किलोच्या आसपास जातो आणि झोल होतो साडेदहा मीटर. हीच तार बर्फाशिवाय ८५ अंशांपर्यंत तापली तरी झोल साडेदहा मीटरच भरतो, पण तेव्हा ताण असतो जेमतेम २,३५० किलो. खालून पाहणाऱ्याला दोन्ही तारा सारख्याच लोंबलेल्या दिसतील. तापलेली तार झाड गाठेल. बर्फाळलेली तार टॉवर पाडेल. एका बाजूची तार किंवा खांब गेला की पलीकडच्या बाजूचा तो अवाढव्य ताण टॉवरला एकट्याने ओढतो, आणि मग टॉवरमागून टॉवर आडवे होतात. क्वेबेकात तसे शेकडो पोलादी टॉवर पडले. झोलाच्या तक्त्यात ताणाचा रकाना असतो तो याचसाठी, आणि घाईत वाचणारा बहुतेकदा तोच रकाना सोडतो.

१४ ऑगस्ट २००३ चा ओहायोतला दिवस या सगळ्या काळाचा केंद्रबिंदू. त्याच्या संयुक्त चौकशी अहवालातला एक आकडा प्रत्येक लाईन इंजिनिअरने पाठ करावा असं मला मनापासून वाटतं. दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी चेंबरलिन–हार्डिंग ही ३४५ केव्हीची लाईन झाडावर गेली, तेव्हा तिच्यावर रेटिंगच्या फक्त ४४ टक्के भार होता. ४४ टक्के प्रवाह म्हणजे पूर्ण भाराच्या मानाने प्रवाहाची उष्णता एक पंचमांशही नाही. म्हणजे झोल ठरलेल्या मर्यादेच्या खूप आत होता. झाडच तिच्या जागेत वाढलेलं होतं. ३ वाजून ३२ मिनिटांनी हॅना–ज्युनिपर गेली, ८८ टक्के भारावर. तिथे झाडं छाटणारी टोळी जवळच काम करत होती आणि तार झाडाला भिडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ३ वाजून ४१ मिनिटांनी स्टार–साउथ कँटन गेली. ती दुपारी अडीचच्या आधीही एकदा ट्रिप होऊन परत लागली होती. तेवढी एक सूचना पुरेशी ठरायला हवी होती, पण तोवर तिथल्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणाच बंद पडली होती आणि कोणाला ते कळलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाच कोटी माणसं अंधारात होती. तिन्ही लाईनपैकी एकीनेही आपलं आणीबाणीचं रेटिंग ओलांडलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी, २८ सप्टेंबरच्या पहाटे, स्वित्झर्लंडमध्ये हीच गोष्ट घड्याळ लावल्यासारखी दिसली. ३ वाजून १ मिनिटाने मेटलेन–लाव्होर्गो लाईन झाडामुळे गेली. तिचा भार सिल्स–सोआझा लाईनवर आला, तो मर्यादेच्या सुमारे ११० टक्के. जाड तार लगेच तापत नाही. दहा-पंधरा मिनिटं ती उष्णता पीत राहते आणि हळूहळू खाली येते. एवढ्या अवधीत भार उतरवला तर काही बिघडत नाही. दहा मिनिटांनी इटलीला फोन गेला, आयात ३०० मेगावॅटने कमी झाली ती आणखी दहा मिनिटांनी, आणि ते पुरेसं नव्हतं. ३ वाजून २५ मिनिटांनी सिल्स–सोआझाही झाडावर गेली आणि काही मिनिटांत जवळजवळ सगळा इटली विझला.

यानंतर अमेरिकेत झाडं आणि तारांमधलं अंतर राखणं कंपनीच्या मर्जीवर राहिलं नाही. २००७ पासून ते सक्तीचं मानक झालं आणि मोडल्यास जबर दंड आला. मला त्याहून मोलाची वाटते ती २०१० मधली सूचना: लाईन कागदावर जशी आखली तशीच जागेवर आहे का, ते मोजून कळवा. विमानातून लेसरने तारा आणि जमीन मोजल्या गेल्या आणि तेव्हा कळलं की कित्येक स्पॅनखाली रेटिंगला पुरेल एवढं अंतरच नाही. कुठे खाली भराव घातला होता, कुठे तार ओढतानाच चूक झाली होती. त्यात वर्षानुवर्षांच्या ताणाने तार कायमची लांबतेही, ती पुन्हा आखडत नाही. डिसेंबर २०२१ च्या आदेशाने तिथल्या रेटिंगमध्ये दर तासाचं हवेचं तापमानही धरायला सांगितलं. वारा अजूनही बहुतेक ठिकाणी गृहीतच आहे.

आपल्याकडे हा हिशेब आता वेगळ्या वाटेने समोर येतो. जुन्या लाईन तारेचं तापमान ६५ किंवा ७५ अंशांपर्यंत जाईल असं धरून आखलेल्या; मागणी वाढल्यावर त्याच तारेतून ८५ अंशांपर्यंत प्रवाह नेण्याचा प्रस्ताव येतो. वरच्याच स्पॅनवर ६५ अंशांना झोल ९.८० मीटर आहे, ८५ ला १०.५५. पाऊण मीटर कुठून आणायचा हा पहिला प्रश्न. २२० केव्हीला जमिनीपासून किमान सात मीटर हवेत, आणि ते सर्वांत उंच बांधावर, सर्वांत लांब स्पॅनखाली, नव्याने टाकलेल्या रस्त्याच्या भरावावर मोजायला हवेत. अंतर नसेल तर टॉवर उंच करता येतो, किंवा कमी प्रसरणाच्या गाभ्याची तार ओढता येते, जिचा ॲल्युमिनियमचा भार एका तापमानानंतर गाभ्यावर जातो आणि मग झोल फारसा वाढत नाही. पण प्रस्तावावर सही करण्याआधी गस्तीच्या वहीत त्या स्पॅनचं मोजलेलं अंतर आणि त्या क्षणाचं तारेचं तापमान, दोन्ही एका ओळीत लिहिलेलं मी मागतो. नुसतं अंतर लिहिलेलं असेल तर ती ओळ पुन्हा मोजायला पाठवतो.