‘तुम्हाला काही विचारायचंय?’

सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीत शेवटची पाच-दहा मिनिटे उमेदवाराची असतात. ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ या प्रश्नावर बरेच जण ‘नाही सर, काही नाही’ म्हणतात, नाहीतर ‘इथलं वर्क कल्चर कसं आहे?’ असे विचारतात. त्यावर ‘छान आहे, सगळे सांभाळून घेतात’ हे उत्तर ठरलेलेच. ते खोटे असेलच असे नाही, पण त्यातून काही कळत नाही. मत विचारले की माणूस कंपनीची बाजू राखतो. नुकतीच घडलेली गोष्ट विचारली, तर त्याला ती आठवून सांगावी लागते आणि तपशील आपोआप बाहेर येतो.

कामाची जागा नेमक्या प्रश्नांनी पारखण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील प्रोग्रॅमर जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली बारा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. ती ‘जोएल टेस्ट’ म्हणून ओळखली जाते. बग नोंदवून ठेवले जातात का, टेस्टर आहेत का, काम करायला शांतता मिळते का, असे हे प्रश्न असून त्यांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच आहेत. मुलाखतीत मात्र ‘हो’ म्हणणे फार सोपे असते. म्हणून तोच मुद्दा ‘शेवटचं कधी झालं?’ असा विचारलेला बरा.

समजा, चार वर्षे अनुभव असलेली एक डेव्हलपर पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत देत आहे आणि समोर तिचा होणारा मॅनेजर बसला आहे. तिचा पहिला प्रश्न असा : ‘ही जागा नवीन आहे, की कोणी गेल्यामुळे रिकामी झाली?’ जागा नवीन असेल, तर काम का वाढले ते मॅनेजर सहज सांगू शकतो. कोणी गेले असेल, तर ते का गेले हे तो कदाचित सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण ती व्यक्ती किती काळ होती, हे सांगायला हरकत नसते. एखादा माणूस नोकरी सोडतो, त्यात विशेष काही नाही. एकाच जागेवरून वर्षभरात तिघे गेले असतील, तर दोष बहुधा त्या जागेतच असतो.

दुसरा प्रश्न : ‘मागचा रिलीज कधी झाला आणि त्या दिवशी काय झालं?’ ‘मंगळवारी दुपारी केला, एक बग निघाला, लगेच जुनं व्हर्जन परत लावलं’ या उत्तरात घाईगर्दी टाळणारी टीम दिसते. ‘आमची टीम खूप डेडिकेटेड आहे, गरज पडली तर सगळे थांबतात’ असे उत्तर आले, तर ही गरज महिन्यातून किती वेळा पडते, हे लगेच विचारावे. ऑन-कॉलची आठवड्याची पाळी किती जणांत फिरते, हेही त्याच ओघात विचारता येते. सहा जणांत फिरत असेल, तर दर सहा आठवड्यांनी एकदा पाळी येते. दोघांतच फिरत असेल, तर एक आठवडा सोडून रोज रात्री फोन उशाशी ठेवावा लागतो.

पुढच्या फेरीत भावी सहकारी भेटला, तर हेच प्रश्न त्यालाही विचारावेत. मॅनेजर म्हणतो, ‘प्रत्येक कोडचा रिव्ह्यू होतो’, आणि सहकारी म्हणतो, ‘वेळ मिळाला तर होतो’. या दोन उत्तरांमधल्या अंतरात रोजचे काम कसे चालते ते दिसते. एखादा जण मोघम बोलला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण तो मुलाखत घ्यायला नवखा असू शकतो. दोघांनी एकच प्रश्न टाळला, तर मात्र ती खूण समजावी.

पगाराचा प्रश्न एचआरच्या फेरीतला. बारा लाखांच्या सीटीसीत एक लाख वीस हजार व्हेरिएबल असेल, तर ‘गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के मिळालं?’ असे विचारावे. उत्तर साठ टक्के आले, तर हातात बहात्तर हजारच पडतात, म्हणजे महिन्याला सरासरी चार हजार कमी.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. मोठ्या सर्व्हिस कंपनीत पॅनेलवरचा माणूस अनेकदा दुसऱ्याच टीमचा असतो, त्याला रिलीजचे विचारून उपयोग नाही. तिथे प्रोजेक्ट ठरला आहे का, क्लायंटची वेगळी मुलाखत होणार का आणि प्रोजेक्ट नसेल तर बेंचवर किती दिवस ठेवतात, हे विचारावे.

उत्तरे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, कारण दोन-तीन मुलाखतींनंतर कोण काय म्हणाले याची सरमिसळ होते. जे अर्धवट राहिले, ते सध्याच्या नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी एचआरला ईमेलने विचारावे. नोटीस पीरियड सुरू झाल्यावर उत्तर नापसंत पडले, तरी मागे फिरणे अवघड असते.