चाळीस टनांचा खांब आणि चार सेंटिमीटर

ऑक्टोबर 1913 मध्ये कॅनडातल्या विनिपेगजवळ, ट्रान्सकोना इथलं धान्याचं नवंकोरं कोठार पहिल्यांदा भरलं जात असताना खचलं आणि दिवसभरात सुमारे 27 अंशांनी कललं. काँक्रीटचं बांधकाम शाबूत राहिलं. खालची चिकणमाती मात्र भार न पेलल्याने बाजूला सरकली होती. माती अशी सरकण्याआधी किती दाब सोसेल, याला बेअरिंग कपॅसिटी म्हणतात.

एक साधं फुटिंग घेऊ. खांबावर 40 टन भार आणि फुटिंग 2 बाय 2 मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला 10 टन दाब. खाली 3 मीटर जाडीची चिकणमाती असून तिची कातर-ताकद चौरस मीटरला 6 टन आहे. अशा मातीची कमाल क्षमता ढोबळमानाने ताकदीच्या सहापट, म्हणजे 36 टन. सुरक्षेसाठी तिला 3 ने भागलं की 12 टन उरतात. दाब 10 टनच असल्याने फुटिंग पास!

विद्यार्थी बहुधा इथेच वही मिटतो. खरं तर अर्धंच गणित झालेलं असतं.

चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी असतं. भार आला की सुरुवातीला तो हे पाणीच पेलतं. बारीक छिद्रांतून ते हळूहळू निघून जातं, भार कणांवर येतो, माती दबते आणि घट्टही होते. हेच कन्सॉलिडेशन, त्याचा सिद्धांत कार्ल टर्झागी यांनी 1920 च्या दशकात मांडला. म्हणूनच माती सरकण्याचा धोका भार येतो तेव्हा सर्वांत जास्त असतो, तर खचणं पुढे बराच काळ चालू राहतं.

आपल्या थरात मध्यावर दाब पसरून 3.3 टनांच्या आसपास उरतो. मध्यम मऊ माती धरली, तर फुटिंग सुमारे 4 सेंटिमीटर खचेल. पाणी वर-खाली दोन्हीकडून निघू शकलं, तर यातलं 90 टक्के खचणं दोनेक वर्षांत होईल. खाली अभेद्य खडक असेल, तर पाण्याची वाट दुप्पट लांबते आणि वेळ चौपट, म्हणजे साडेसात वर्षांवर जातो.

अशा मातीवर सुट्या फुटिंगला भारतीय मानक 75 मिलिमीटरपर्यंत खचणं चालवून घेतं. मग 40 मिलिमीटरची चिंता कशाला? कारण शेजारचं फुटिंग 4 मीटरवर कठीण मुरमात असेल, तर ते जवळपास हलणारच नाही. आरसीसी सांगाड्यात दोन खांबांच्या खचण्यातला फरक अंतराच्या 0.0015 पट, म्हणजे इथे 6 मिलिमीटरच चालतो.

घरात राहायला आल्यावर काही महिन्यांनी दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दार चौकटीत अडकू लागतं. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकतात. पट्टी तडकली, तर खचणं अजून चालू आहे.

ही वेळ टाळायची तर एकाच बोअरवर विसंबू नये. थराची जाडी बदलते तिथे वेगळा बोअर घ्यावा, मातीचा अखंड नमुना कन्सॉलिडेशन चाचणीला पाठवावा आणि शक्य असेल तिथे दोन्ही फुटिंगं एकाच मुरमापर्यंत न्यावीत.