प्रयोगशाळेच्या उद्घाटनप्रसंगी



ही प्रयोगशाळा माजी विद्यार्थ्यांच्या दानातून उभी राहिली. अनेकांनी एका महिन्याचे वेतन दिले. भिंतीवर नावे कोरू नयेत ही त्यांचीच इच्छा.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले, धुंदलवाडीकडची माणसे रात्री अंगणात झोपू लागली. त्या भयाला मोजमापाने सामोरे जाणे हे या प्रयोगशाळेचे पहिले काम. म्हणून येथे साधा भूकंपमापक बसविला आहे.

धक्क्याची प्राथमिक लहर आधी पोहोचते, दुय्यम मागाहून. दोहोंमधील सेकंदांना आठाने गुणले की नाभीचे अंतर किलोमीटरमध्ये साधारणपणे मिळते. दोन सेकंद, म्हणजे सोळा किलोमीटर. यात जमिनीखालची खोलीही आली, हे मुले हमखास विसरतात! ट्रक गेला तरी रेषा हलते, परंतु तीत दोन लहरी वेगळ्या दिसत नाहीत. एवढ्या मोजणीतून दिशा मात्र कळत नाही. त्यासाठी किमान तीन ठिकाणच्या नोंदी हव्यात. दुसरा मापक तलासरीच्या एखाद्या शाळेत बसावा, अशी दात्यांना पुन्हा विनंती आहे.