ठिपक्याला कोपरे फुटले

चिकन मसाल्याचं पाकीट हातात घ्या. समोर रश्श्यात बुडालेल्या कोंबडीच्या तंगडीचं झकास चित्र असतं आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. चूक काहीच नाही. आत फक्त धने, मिरची, लवंग वगैरे आहे, म्हणून पाकीट शाकाहारी. उलट बेकरीतल्या एका केकच्या पाकिटावर फक्त चॉकलेटचं चित्र असेल आणि तरी तो मांसाहारी ठरेल, कारण आपल्या नियमात अंडं मांसाहारात मोजलं जातं. म्हणजे चित्र एक सांगतं, नाव दुसरं सुचवतं आणि खरं काय ते सांगायची जबाबदारी तीन-चार मिलिमीटरच्या एका खुणेवर येऊन पडते. देशातल्या जवळपास प्रत्येक खाद्यपदार्थाच्या पाकिटावर ती खूण असते. कुठल्याही कंपनीचा लोगो इतक्या वेळा छापला जात नसेल.

ही खूण आधी दोन्हीकडे सारखीच होती : चौकटीत भरीव गोल. शाकाहारी असेल तर हिरवा, मांसाहारी असेल तर तपकिरी. बोलताना आपण त्याला ‘लाल ठिपका’च म्हणतो, आणि छापणारेही अनेकदा लालच छापायचे. आकार तोच, चौकट तीच, जागाही तीच. फरक तेवढा रंगाचा. नेमके हेच दोन रंग निवडले गेले, जे रंगांध माणसाला एकमेकांपासून ओळखता येत नाहीत.

रंगांध म्हटलं की जग कृष्णधवल दिसत असेल असं अनेकांना वाटतं. तसं फार क्वचित असतं. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातली लाल किंवा हिरव्याकडे झुकणारी एक जात जन्मतः नसली किंवा बिघडलेली असली की लाल, हिरवा, तपकिरी, खाकी, शेवाळी हे रंग एकाच कुटुंबातले दिसू लागतात. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं हा दोष पुरुषांत जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारामागे एक, तर बायकांत दोनशेत एखादी. भारतातल्या पाहण्यांत पुरुषांचं प्रमाण याहून कमी आढळतं. तरी भरलेल्या एसटीत एखादा तरी निघेल.

हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत याला दुसरंही एक कारण आहे आणि ते साध्या आकडेमोडीत दिसतं. रंग बाजूला ठेवून फक्त उजळपणा मोजला, तर दोन पृष्ठभागांतल्या फरकाचं गुणोत्तर काढता येतं. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ येतं. दोन्ही सारखेच उजळ असतील तर १. वेबसाइटसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषात मजकुराला किमान ४.५ आणि चिन्हांना किमान ३ मागितलं जातं. आता नेहमीचा गडद हिरवा घ्या. पांढऱ्यावर तो ५ च्या पुढे जातो. नेहमीचा तपकिरी पांढऱ्यावर ६ च्या पुढे जातो. दोघेही वेगवेगळे पास. पण हिरवा आणि तपकिरी एकमेकांशी ताडून पाहिले तर गुणोत्तर येतं सव्वाच्या आसपास. म्हणजे झेरॉक्स काढली तर दोन्ही ठिपके करड्या रंगाच्या जवळपास एकाच छटेत उतरतील. ज्याच्या डोळ्याला रंगातला फरक कळत नाही, त्याला उजळपणाचाही आधार इथं मिळत नव्हता.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत हे बदललं. हिरवा गोल गोलच राहिला. मांसाहाराच्या गोलाला तीन कोपरे फुटले आणि चौकटीत तपकिरी त्रिकोण आला. रंगांधांना फरक कळावा हाच त्यामागचा हेतू. लेबलाच्या दुनियेतला हा एक उत्तम निर्णय आहे असं माझं मत आहे, कारण त्यानं रंग काढून टाकला नाही. ज्यांना रंग दिसतो त्यांची सवय मोडली नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तीच गोष्ट दुसऱ्या मार्गानं सांगितली.

पण इथं अर्धंच काम झालं. आकार ओळखायला तो डोळ्याला पुरेसा मोठा दिसावा लागतो, आणि नियमातली किमान मापं फार लहान आहेत. पाकिटाची दर्शनी बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर गोलाचा व्यास ३ मिलिमीटर चालतो; १०० ते ५०० पर्यंत ४; २५०० पर्यंत ६; त्यापुढे ८.

समजा, एखादी छोटी बेकरी एकाच केकची दोन पाकिटं काढते, एक अंड्याचा, एक बिनअंड्याचा. दर्शनी बाजू १० बाय १४ सेंटिमीटर, म्हणजे १४० चौरस सेंटिमीटर. नियमानं ४ मिलिमीटरचा ठिपका पुरतो. आता डोळ्याच्या डॉक्टरांचा तक्ता आठवा. ६/६ नजरेचा माणूस एक मीटरवरून साधारण दीड मिलिमीटर उंचीचं अक्षर वाचू शकतो. ज्याची नजर ६/१८ आहे त्याला तेच अक्षर तिप्पट, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आसपास लागतं. दुकानाच्या फळीवर एक मीटर अंतरावर ठेवलेल्या पाकिटावरची ४ मिलिमीटरची खूण त्याच्या हद्दीच्या बाहेर गेली. पाकीट हातात घेऊन चाळीस सेंटिमीटरवर आणलं तर त्याला ती ओळखू येईल. पण ६/६० नजरेच्या माणसाला तिथंही जवळपास सहा मिलिमीटर हवेत. हिशेब ढोबळ आहे. भरीव गोल आणि त्रिकोण ओळखणं अक्षर वाचण्याइतकं अवघड नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी सूट मिळते. ती सूट दुकानातला अंधूक उजेड परत काढून घेतो.

बेकरीवाल्याला यावर खर्च काहीच नाही. किमान माप म्हणजे कमाल माप नव्हे. ४ च्या जागी ८ मिलिमीटर छापलं तर कुणी दंड करत नाही. तरीही बहुतेक पाकिटांवर नेमकं किमानच छापलेलं दिसतं, कारण डिझायनर ती खूण कायद्याची अडगळ समजतो आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या फटीत बसवतो. माझं म्हणणं, या बेकरीनं एवढ्यावरही थांबू नये. ‘अंडं आहे’ आणि ‘बिनअंड्याचा’ हे शब्द केकच्या नावाइतक्याच जाडीत, नावाच्या लगेच खाली यावेत, आणि दोन पाकिटांची मांडणीच वेगळी असावी : एकावर आडवा पट्टा, दुसऱ्यावर उभा. नुसतं एक पाकीट गुलाबी आणि दुसरं पिस्ता रंगाचं केलं तर आपण त्याच जुन्या खड्ड्यात परत पडलो.

म्हाताऱ्या डोळ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं, म्हणून त्यांची अडचण लाल-हिरव्यात कमी आणि निळ्या-हिरव्यात, गडद निळ्या-काळ्यात, पांढऱ्या-फिकट पिवळ्यात जास्त असते. डिझायनर मंडळी हल्ली फोटोशॉपमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये रंगांधाच्या नजरेनं चित्र पाहण्याची सोय वापरतात. ती चांगलीच आहे, पण तिथल्या दोन्ही छटा लाल-हिरव्या दोषाच्या आहेत. तिथून पास झालेलं, पांढऱ्यावर फिकट पिवळ्या अक्षरांचं पाकीट आजीच्या हातात कोरंच दिसतं. त्यापेक्षा साधी झेरॉक्स जास्त खरं बोलते : रंग गेल्यावर जे वाचता येत नाही, ते कुणाला ना कुणाला आजही वाचता येत नाहीये.

त्यातून चकचकीत पाकीट आलं की भर पडते. वेफर्सच्या पिशव्या ज्या मेटलाइज्ड फिल्मच्या असतात, तिच्यावर रंग थेट छापला तर तो चांदीसारखा चमकतो आणि दिशेप्रमाणे उजळ-काळा होतो. म्हणून खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. खुणेपुरता तो विसरला की मोतीबिंदूच्या डोळ्याला तिथं नुसती तिरीप दिसते. लाल पिशवीवर हिरवी खूण पांढऱ्या चौकोनाशिवाय छापली तरी तेच. त्या दोन रंगांतलं गुणोत्तर पुन्हा सव्वाच्या आसपासच येतं. नियमात विरोधी पार्श्वभूमी हवी असं लिहिलेलं आहे, ते याचसाठी. तपकिरी तीन-चार शाया एकावर एक पडून बनतो. छपाईत त्यातली एक पाव मिलिमीटर जरी सरकली तरी अडीच-तीन मिलिमीटरच्या त्रिकोणाचे कोपरे झिजतात आणि तो पुन्हा गोलासारखा दिसू लागतो. छापखान्यात प्रूफ पाहताना म्हणून स्क्रीनवर मोठं करून पाहू नये. खऱ्या मापाचा तुकडा कापून हातभर अंतरावर धरावा.

पाकिटावरून दुकानाच्या पाटीवर गेलो तर तोच हिशेब मोठ्या मापात चालतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर नाव देवनागरीत आधी यायला हवं आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याहून मोठी असू नयेत. पण उंची कुठून कुठे मोजायची? इंग्रजी कॅपिटल अक्षर आपली सगळी उंची भरून टाकतं. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. त्यांना जागा दिल्यावर अक्षराच्या धडाला साधारण निम्म्याहून थोडीच अधिक उंची उरते. दहा सेंटिमीटरच्या पट्टीत दोन्ही लिप्या बसवल्या की कागदावर बरोबरी होते, पण रस्त्यापलीकडून मराठी नाव आधी पुसट होतं. शिवाय आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीवर किंवा पोटातल्या एका तिरप्या रेघेवर उभा असतो. अक्षर फार जाड केलं की ती फट बुजते आणि रेघ गिळली जाते. रात्री आतून दिवे लावलेल्या पाटीवर उजेड पसरून ती फट आणखी भरते. म्हणून पेंटरला किंवा फ्लेक्सवाल्याला माप सांगताना पाटीची उंची न सांगता शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची सांगावी. सहा मीटर रुंदीच्या गल्लीपलीकडून ६/६० नजरेच्या माणसानं औषधाचं दुकान ओळखायचं असेल, तर तेवढीच उंची नऊ सेंटिमीटर भरते.